नाणेफेकीचं खरं वजन किती?

2021 साली झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचं नाव काढलं की अजूनही दवाची आणि टॉसची चर्चा होते. ‘टॉस जिंकला म्हणजे मॅच जिंकली’ हे त्या दिवसांत जो तो म्हणत होता. आकडेही तसेच होते. सुपर 12 पासून अंतिम सामन्यापर्यंत दुबईच्या मैदानावर 13 सामने झाले. त्यांतले 12 धावांचा पाठलाग करणाऱ्या संघाने जिंकले आणि नाणेफेक जिंकणारा संघ 11 वेळा विजयी ठरला.

ब्रिटनसारख्या देशांत, जिथे पैज लावणं कायदेशीर आहे, तिथे सामन्याच्या विजेत्यावर भाव निघतात आणि नाणेफेकीनंतर ते लगेच हलतात. महाराष्ट्रात सट्टा बेकायदा आहे, पण भाव म्हणजे शेवटी हजारो लोकांनी मिळून केलेला अंदाज, म्हणून तो वाचता येणं उपयोगाचं. प्रश्न एवढाच की दुबईसारख्या मैदानावर नाणेफेकीने तो किती हलायला हवा? 13 पैकी 11 म्हणजे जवळपास 85 टक्के. मग बरोबरीच्या दोन संघांत नाणेफेक जिंकणाऱ्याला 85 टक्के शक्यता द्यायची का? मुळीच नाही.

आधी भावातून शक्यता काढू. समजा, नाणेफेकीपूर्वी दोन्ही संघांचा भाव 1.90 आहे, म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर मुद्दलासह एक रुपया नव्वद पैसे परत. एकाला 1.90 ने भागलं की 52.6 टक्के येतात. दोघांचे मिळून 105 च्या वर जातात. शंभराच्या वरचा भाग भाव देणाऱ्याची कमाई असते. तो काढून टाकला की दोघांना 50-50 टक्के उरतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. नाणं कुणाचीच बाजू घेत नाही. त्यामुळे नाणेफेकीपूर्वीच्या भावात ‘जिंकली तर’ आणि ‘हरली तर’ या दोन्ही शक्यता अर्ध्याअर्ध्या धरलेल्या असतातच. दुबईत दव पडतं हे बाजाराला आधीच ठाऊक असतं. नाणेफेकीने कळतं ते एवढंच की दवाचा फायदा कुणाला मिळणार. एका संघाची शक्यता जेवढी वाढते तेवढीच दुसऱ्याची घटते.

आता त्या 11 विजयांकडे जरा जवळून पाहू. भारताने स्कॉटलंड आणि नामिबिया यांच्याविरुद्ध नाणेफेक जिंकली आणि दोन्ही सामने सहज जिंकले. नाणेफेक हरूनही भारत तिथे बहुधा जिंकलाच असता, तेव्हा हे दोन विजय नाणेफेकीच्या खात्यात पूर्ण टाकता येत नाहीत. म्हणून प्रत्येक सामन्यात नाणेफेक जिंकणाऱ्या संघाची आधीची शक्यता लिहायची आणि त्यांची बेरीज करायची. नामिबियाविरुद्ध भारताला 95 टक्क्यांच्या आसपास, न्यूझीलंडविरुद्ध स्कॉटलंडला जेमतेम पाच टक्के, असं करत गेलं की माझ्या ढोबळ अंदाजाने बेरीज सातच्या जवळ येते. म्हणजे नाणेफेकीचा विचार न करताही सातेक विजय अपेक्षित होते. प्रत्यक्षात झाले 11. नाणेफेकीच्या नावावर टाकता येतील असे चार जास्तीचे विजय उरले. समसमान संघांच्या 13 सामन्यांत साडेसहा विजय अपेक्षित असतात. त्यात हे चार मिळवले की साडेदहा होतात.

पण 13 सामने म्हणजे फारच थोडे. छापा-काटा 13 वेळा केला तर 11 किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते. ही शक्यता लहान खरी, पण जगात मैदानं पुष्कळ आहेत आणि आपण नेमकं तेच मैदान उचललं आहे जिथे चमत्कारिक आकडा दिसला. अशा वेळी इतर मैदानांच्या अनुभवाचं वजन या आकड्यात मिसळावं लागतं. एरवी टी-ट्वेंटीत नाणेफेकीचा फायदा अगदी थोडा असतो. तो 51 टक्के धरू आणि त्याला 50 सामन्यांचं वजन देऊ. हे वजन किती द्यायचं तो निर्णय आपला. दुबईवर जास्त भरवसा असेल तर कमी द्यावं. आपल्या हिशेबात त्या 50 सामन्यांत साडेपंचवीस विजय होतात. त्यात दुबईचे साडेदहा मिळवले की 63 पैकी 36, म्हणजे 57 टक्के. 85 वरून आपण 57 वर आलो. बरोबरीच्या संघांत नाणेफेक जिंकणाऱ्याचा कमाई न धरता निघणारा भाव 2.00 वरून 1.75 वर येतो आणि हरणाऱ्याचा 2.33 वर जातो.

हे सात टक्के सगळ्या सामन्यांना सरसकट लावता येत नाहीत. 95 टक्क्यांत सात मिळवले तर शंभराच्या वर जाऊ. यासाठी टक्क्यांऐवजी जिंकण्या-हरण्याचं प्रमाण घ्यायचं. 57 टक्के म्हणजे चारास तीन, तेव्हा नाणेफेक जिंकली की प्रमाण चार तृतीयांशाने गुणायचं. भारत-नामिबियाचं प्रमाण एकोणीसास एक होतं. ते साधारण 25 होतं, म्हणजे 96 टक्क्यांच्या थोडं वर. समसमान सामन्यात सात टक्क्यांची हालचाल, एकतर्फी सामन्यात जेमतेम एका टक्क्याची.

आणखी एक गफलत इथे होते. नाणेफेकीने मिळतो तो निवडीचा हक्क, फायदा मिळतो तो निवड बरोबर ठरली तर. दुबईत अफगाणिस्तानने नाणेफेक जिंकून पाकिस्तानविरुद्ध आधी फलंदाजी घेतली. 19 व्या षटकात आसिफ अलीने चार षटकार मारून सामना संपवला. हा सामना ‘टॉस जिंकून हरले’ या रकान्यात जातो, पण पाठलागाचा फायदा इथेही पाठलाग करणाऱ्यालाच मिळाला. दुसरा अपवाद न्यूझीलंड-स्कॉटलंडचा. स्कॉटलंडने नाणेफेक जिंकून पाठलाग पत्करला आणि तरी ते हरले. तो सामना दुपारचा होता. संध्याकाळी सुरू झालेले दहाच्या दहा सामने मात्र पाठलाग करणाऱ्यांनी जिंकले. म्हणून ‘दुबई’ एवढीच नोंद ठेवून भागत नाही, दुपार की रात्र हेही लिहावं लागतं. रात्री दवाने चेंडू ओला होतो, फिरकीपटूची पकड सुटते आणि चेंडू बॅटवर सरळ येतो.

बाजारातला भाव नाणेफेकीनंतर किती हलला ते पाहूनही अंदाज बांधता येतो, पण त्याच मिनिटांत दोन्ही संघांचे अकरा खेळाडूही जाहीर होतात. एखादा मोठा गोलंदाज बाहेर बसला तर भाव त्यानेही हलतो. असे सामने बाजूला काढूनच सरासरी घ्यावी.

शिवाय मैदानाचा स्वभाव कायम राहत नाही. 2022 च्या आशिया चषकाचा अंतिम सामना याच दुबईत झाला. पाकिस्तानने नाणेफेक जिंकून श्रीलंकेला फलंदाजी दिली आणि श्रीलंकेने 170 धावा करून 23 धावांनी सामना जिंकला. 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताने दुबईत पाचही सामन्यांत नाणेफेक गमावली आणि पाचही जिंकले. ते एकदिवसीय सामने होते, म्हणून ते वरच्या हिशेबात मिसळायचे नाहीत, पण एका स्पर्धेचा आकडा पुढच्या स्पर्धेला जसाच्या तसा लावू नये एवढं त्यांतून नक्की कळतं. दर मोसमाला नवे सामने जुन्या अंदाजात मिळवत गेलं, जुन्यांचं वजन हळूहळू कमी केलं, तर चारास तीन हे प्रमाणही सरकत राहील. चांगला अंदाज असाच सरकत राहायला हवा.