‘भारी’ हलका का होतो?

गेल्या गणेशोत्सवात भजन संपल्यावर दहावीतला एक मुलगा धावत पुढे आला आणि म्हणाला, “काका, खतरनाक गायलात!” काका हसले खरे, पण घरी जाताना हळूच आम्हाला विचारलं, “इतकं बिघडलं होतं का रे?” मुलाने मनापासून दिलेली दाद काकांना टोमणा वाटली होती. त्या प्रसंगावरून मंडळात बरीच गंमत झाली, वादही झाला. म्हणून हा लेख.

काकांच्या पिढीला ‘खतरनाक’ म्हणजे धोकादायक. खतरनाक वळण, खतरनाक गुंड. पण त्यांचे स्वतःचे कौतुकाचे शब्द तपासले, तर तेही अशाच जागेवरून आलेले दिसतात. ‘जबरदस्त’ हा शब्द फारसीतला. जबर म्हणजे वरचा आणि दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर, जो दुसऱ्याला दाबून ठेवतो, तो जबरदस्त. ‘जबरदस्ती’त तो धाक अजून शिल्लक आहे. पण “जबरदस्त झाली हं भाजी” म्हणताना कुणाच्या मनात धाक येत नाही. ‘मस्त’चंही तसंच. मूळ अर्थ नशेत धुंद असलेला. मस्तवाल हत्तीत ती धुंदी दिसते, “मस्त आहे चहा” मध्ये ती पार उतरलेली असते. ‘अफलातून’ तर ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचं अरबी नाव. इतक्या मोठ्या माणसाचं नाव आपण वडापावाला देऊन बसलो आहोत.

असं का होतं? कौतुकाचा जोरदार शब्द म्हणजे अतिशयोक्ती असते. ऐकणारा पहिल्यांदा दचकतो, त्या दचकण्यातच शब्दाचा जोर असतो. दहाव्यांदा ऐकल्यावर तो मनातल्या मनात वजावट करायला शिकतो: हा ‘जबरदस्त’ म्हणतोय, म्हणजे ‘बरं’ असणार. बोलणाऱ्यालाही हे कळतं. मग खरंच काही आवडलं की त्याला आणखी वरचा शब्द शोधावा लागतो. सगळेच असं करतात, त्यामुळे वरचा शब्दही लवकर खाली येतो.

‘भारी’ या शब्दावर हे चांगलं दिसतं. मूळ अर्थ जड. जड ते किमती, म्हणून ‘भारी साडी’. तिथून ‘भारी’ म्हणजे उत्तम. मग प्रत्येक गोष्ट भारी होऊ लागली, तेव्हा त्याला ‘लई’ची काठी द्यावी लागली: लई भारी. २०१४ साली ‘लय भारी’ नावाचा मराठी सिनेमा आला आणि हे शब्द पोस्टरवरही दिसले. त्याआधी १९८५ च्या ‘युद्ध’ या हिंदी सिनेमात अनिल कपूरच्या तोंडी आलेला ‘झकास’ही असाच घराघरांत पोचला होता. आज तो शब्द बहुतेक पन्नाशीतल्या माणसांच्या तोंडी ऐकू येतो. मुलांना विचारलं तर ती म्हणतात, “तो पप्पांचा शब्द आहे.” ‘लई भारी’नंतर कोल्हापूरकडचा ‘नाद खुळा’ आला, मग ‘विषय हार्ड’. एकात वेड आहे, दुसऱ्यात कठीणपणा.

इथे दुसरं कारण दिसतं. असा शब्द आपली टोळी कोणती हेही सांगतो. पप्पा ‘विषय हार्ड’ म्हणू लागले की मुलांसाठी तो शब्द संपला, मग त्याचा जोर कितीही उरलेला असो. शब्द झिजायला लागला हे ओळखायच्या खुणाही सोप्या आहेत. तो एकटा पुरत नाही, ‘एकदम’, ‘लई’ असं काही आधी लागतं. त्यातला स्वर ताणावा लागतो: भाऽऽरी. आणि तो क्षुल्लक गोष्टींना लागू होतो. ‘एक नंबर’च्या वर खरं तर काही नसतं, तरी आता मुलं ‘एकच नंबर’ म्हणतात.

नवे शब्द येतात कुठून? बहुतेक भीती, वेड, वजन, आकडे आणि शेजारची भाषा इथून. कारण तिथे दचकवण्याची ताकद तयार असते. इंग्रजीतही ‘टेरिफिक’ आधी घाबरवणारं होतं, आणि जर्मन माणूस छान गोष्टीला ‘टोल’ म्हणतो, ज्याचा जुना अर्थ वेडा. आपल्या भेस्तानात तर शेजारची भाषा दाराबाहेरच आहे. घरी खानदेशातून आलेली आजी “भारी शे” म्हणते ते कौतुक. पण गुजराती शेजारी “तें तो भारे करी!” म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ काहीतरी भलतंच करून ठेवलंस असा असतो. कारखान्यात नवीन लागलेल्या आपल्या पोराने हे ऐकून “थँक्यू” म्हटल्याचे किस्से आपण सगळ्यांनी ऐकले आहेत.

अपमानाच्या शब्दांची झीज अशीच होते. ‘शहाणा’ म्हणजे समंजस. उपरोधाने म्हणता म्हणता “मोठा शहाणा आलास!” हा टोमणा झाला. तो बोथट झाल्यावर ‘दीडशहाणा’ आणि ‘अतिशहाणा’ हाताशी होतेच. ‘साला’ म्हणजे बायकोचा भाऊ. परक्याला साला म्हणणं म्हणजे त्याच्या बहिणीवरून काढलेला अपशब्द. सुरतेत आता मित्रामित्रांत तो स्वल्पविरामासारखा येतो: “साला, गाडीच चुकली.” तो कुणाला उद्देशूनही नसतो. मग खरा राग आला की त्याहून जड शिवी काढावी लागते, आणि काही वर्षांनी तीही मैत्रीत ऐकू येते.

पण इथे एक फरक आहे, आणि आमच्या वादाचा खरा मुद्दा तोच होता. कौतुकाचा शब्द झिजला तर कुणाचं बिघडत नाही. शिवी मात्र बोलणाऱ्याच्या तोंडात झिजते, ऐकणाऱ्याच्या कानात झिजेलच असं नाही. मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलेलं ‘साल्या’ मऊ असतं. तेच अनोळखी माणसाला किंवा वयाने मोठ्या माणसाला पूर्ण जोराने लागतं. जातीवरून, शरीराच्या व्यंगावरून काढलेले शब्द तर ज्याच्यावर येतात त्याच्यासाठी कधीच जुने होत नाहीत. “अरे, सगळेच म्हणतात, त्यात काय” ही सबब म्हणूनच लंगडी आहे. म्हणणारे सगळे असतात, ऐकणारा एकटा असतो.

सगळेच शब्द असे झिजतात असंही नाही. ‘चांगला’ आणि ‘छान’ पिढ्यान् पिढ्या टिकून आहेत. त्यांनी कधी फार मोठा दावा केला नाही, म्हणून वजावटीची वेळही आली नाही. भजनाच्या काकांचं समाधानही शेवटी अशाच शब्दांनी झालं. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर त्या मुलाने त्यांना सांगितलं, “काका, काल तुमचा आवाज फार छान लागला होता. तो अभंग पुन्हा म्हणाल का?” काकांनी लगेच टाळ मागवले.

यंदा कोजागिरीला दूध आटेपर्यंत आपण एक यादी करणार आहोत. आजी-आजोबा, आई-बाबा आणि मुलं, प्रत्येकाने आपल्या शाळेच्या दिवसांतला कौतुकाचा सगळ्यात वरचा शब्द सांगायचा. अहिराणी, मराठी, गुजराती, कोणताही चालेल. आपल्या घरातला शब्द विचारून या.