स्वेटर आटला तो कशाने?

नाशिकच्या थंडीत चौथीतल्या निनादच्या अंगावर रोज एकच स्वेटर दिसे, आजीने विणलेला निळा लोकरीचा. रविवारी त्याने तो स्वतःच टॉवेल-चादरींबरोबर वॉशिंग मशीनमध्ये टाकला आणि बटण फिरवलं थेट ६० अंशांवर. तासाभराने बाहेर आला तो पाच वर्षांच्या पोराला बेताचा बसेल एवढा स्वेटर. कापड जाड आणि ताठर झालेलं, विणीचे टाके दिसेनासे.

“गरम पाण्याने आटला!” निनाद रडकुंडीला आला.

“मग ताईचा का नाही आटला? तोही त्यातच होता की,” आई म्हणाली.

ताईचा स्वेटर अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या गुळगुळीत धाग्याचा. लोकर हा मेंढीचा केस. आईने स्वतःचा एक लांब केस निनादच्या चिमटीत दिला आणि बोटं पुढेमागे चोळायला सांगितली. केस आपोआप सरकू लागला, तोही एकाच बाजूला, मुळाच्या दिशेने.

याचं कारण केसावरच्या बारीक खवल्यांत आहे. ते कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे असतात. त्यामुळे केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट जाताना खवले अडतात. लोकरीत हे खवले अधिक ठळक. गरम, साबणाच्या पाण्यात तंतू फुगून लवचिक होतात. मशीन ते घुसळतं, तेव्हा प्रत्येक तंतू आपापल्या मुळाकडे सरकतो, शेजाऱ्यात गुंततो आणि मागे येत नाही. पाणी गुन्ह्यातला साथीदार खरा, पण मुख्य आरोपी घुसळण. काश्मीरचे कारागीर नमदा बनवतात तो याच गुणावर: लोकरीचे थर ओले करून, साबण लावून, गुंडाळून लाटतात.

“मग पावसात मेंढी का आटत नाही?” निनादचा प्रश्न बिनतोड होता. आईने सांगितलं, तिच्या अंगावरचे केस मुळाशी घट्ट रोवलेले असतात, त्यांना सरकायला वावच नसतो. शिवाय अंगच्या मेणचट थराने पाणी बरंचसं निथळून जातं.

असा स्वेटर परत मोठा होईल का, हे टाके पाहून कळतं. टाके सुटे दिसत असतील, तर कोमट पाण्यात थोडं केसांचं कंडिशनर घालून स्वेटर अर्धा तास भिजवावा आणि सपाट पसरून हलक्या हाताने ताणावा. थोडाफार फरक पडतो. निनादच्या स्वेटरचे टाके एकजीव झाले होते. आईने कडेला कात्री लावून दाखवली, तर एक धागाही उसवला नाही. तो आता मोठा होणार नव्हता.

तेव्हा लोकरीचा कपडा धुताना थंड किंवा कोमट पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य साबण घ्या. चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा, कारण दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने तो लोंबतो. लेबलवर ‘सुपरवॉश’ लिहिलं असेल, तर खवल्यांवर आधीच प्रक्रिया झालेली असते. असा कपडा लेबलवरच्या सूचनेप्रमाणे मशीनमध्ये टाकायला हरकत नाही.