दोनशे रुपयांचा गॅस सेन्सर आणि माझ्या कोडमधली एक धोकादायक ओळ

आमचं घर कळंबला, समुद्रापासून पाच मिनिटांवर. स्वयंपाकघरात सिलेंडर ओट्याखाली असतो. मी नोकरीसाठी बाहेर आणि घरी आई-बाबा दोघंच, म्हणून गेल्या पावसाळ्यात एक 'गॅस डिटेक्टर' बनवला. आर्डुइनो उनो, एलपीजीसाठीचा एमक्यू-६ सेन्सर आणि एक बझर, एवढाच मामला. यूट्यूबवर असे शेकडो व्हिडिओ आहेत, तुम्हीही पाहिले असतील.

पहिल्याच दिवशी आईने फोन केला, "अरे, हे तुझं यंत्र चालू केलं की ओरडतं आणि मग आपोआप गप्प बसतं. गॅसचा वास तर नाहीये." मी डोकं लावलं आणि कोडमध्ये एक 'सुधारणा' केली. बोर्ड चालू झाला की सेन्सरने आजूबाजूची हवा मोजायची आणि तिलाच स्वच्छ हवा मानायचं. ओरडणं थांबलं आणि मी खूश झालो. प्रत्यक्षात मी तो सेन्सर निकामी करून ठेवला होता. कसा, ते बघू.

सेन्सरला गरम का व्हावं लागतं?

एमक्यू-६ च्या जाळीच्या आत टिन ऑक्साइडचा थर असतो आणि त्याला तापवणारा एक छोटा हीटर. हा हीटर ५ व्होल्टवर साधारण १५० मिलीअँपिअर खातो. म्हणूनच सेन्सर हाताला कोमट लागतो.

तापलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे थराचा रेझिस्टन्स वाढतो. एलपीजी आला की तो या ऑक्सिजनशी रिअॅक्शन करतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रेझिस्टन्स खाली येतो. सेन्सर मोजतो तो हा रेझिस्टन्स. गॅस ओळखण्याची वेगळी अक्कल त्याला नाही.

आता गोची अशी की सेन्सर बंद असताना त्या थरावर हवेतली वाफ जाऊन बसते. कळंबला जुलैमध्ये मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं, तिथे सेन्सरचं काय! ही वाफसुद्धा रेझिस्टन्स कमी करते. म्हणजे नुकताच चालू केलेला थंड, दमट सेन्सर गॅस नसतानाही 'गॅस आहे' असंच दाखवतो. हीटरने वाफ उडवली आणि ऑक्सिजन नीट बसला की आकडा हळूहळू जागेवर येतो. आईला ऐकू आलेलं ओरडणं ते हेच.

थोड्या वेळाने आकडा स्थिर दिसतो, पण खरं स्थिर व्हायला बराच वेळ लागतो. एमक्यू-६ च्या डेटाशीटमध्ये पहिल्यांदा तापवण्यासाठी २४ तासांहून जास्त वेळ सांगितला आहे. व्हिडिओमध्ये दिसतं ते '२० सेकंद थांबा' यासाठी पुरेसं नाही.

माझी चूक, आकड्यांत

कॅलिब्रेशन म्हणजे सेन्सरला त्याचा आधार-आकडा शिकवणं. या आकड्याला R0 म्हणतात. हा सेन्सरचा १००० पीपीएम एलपीजीमधला रेझिस्टन्स. घरी मोजलेला गॅस कुठून आणणार? म्हणून डेटाशीटचा आलेख वापरतात. त्यात स्वच्छ हवेतला रेझिस्टन्स R0 च्या साधारण १० पट असतो. माझा कोड असा होता:

```
void setup() {
  int adc = analogRead(A0);
  float Rs = 20.0 * (1023.0 / adc - 1);
  R0 = Rs / 10;
}
```

इथे 20.0 म्हणजे सेन्सरसोबत जोडलेला २० किलो-ओहमचा रेझिस्टर. (बाजारातल्या बऱ्याच तयार मॉड्यूलवर १ किलो-ओहमचा असतो, तो तपासून घ्या.)

पूर्ण दिवस तापल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून माझं रीडिंग आलं १०२. म्हणजे Rs साधारण १८०, आणि R0 १८ किलो-ओहम. हा बरोबर आकडा.

चालू केल्या केल्या मात्र रीडिंग होतं ३४१. म्हणजे Rs ४० आणि R0 फक्त ४. आणि `setup()` तर प्रत्येक वेळी बोर्ड चालू झाला की चालतो! पावसात लाईट गेली आणि आली, की माझा कोड थंड सेन्सरवरून R0 नव्याने ठरवायचा आणि जुना विसरायचा.

आता समजा खरंच १००० पीपीएम गॅस साठला. सेन्सरचा रेझिस्टन्स १८ वर येईल. माझा बझर वाजणार होता रेझिस्टन्स R0 एवढा झाला की, म्हणजे चुकीच्या हिशोबाने ४ वर. १८ कुठे आणि ४ कुठे! बझर गप्प.

हवेत एलपीजी साधारण १.८ टक्के, म्हणजे १८,००० पीपीएम झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. आलेख पुढे ताणला तर तिथे माझ्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण ५.७ येतो. तरीही ४ च्या वरच. थोडक्यात, स्वयंपाकघर पेटण्याच्या स्थितीत आलं असतं तरी माझं यंत्र शांत बसलं असतं. लाईट नसताना गळती सुरू झाली असती तर आणखी वाईट: त्या गॅसलाच ते 'स्वच्छ हवा' समजलं असतं.

हे मला कळलं ते सिरीयल मॉनिटरवर. रोजचा R0 लिहून ठेवत होतो, एक दिवस १८ च्या जागी ४ दिसला. नंतर मी R0 एकदाच काढून EEPROM मध्ये साठवला आणि चालू झाल्यावर वॉर्म-अप होईपर्यंत 'तयार नाही' असा पिवळा दिवा लावला.

मग झालं की सुरक्षित?

नाही. कोड सुधारला तरी मूळ अडचण राहतेच. हीटर जळला किंवा सेन्सरची वायर सुटली तर थराचा रेझिस्टन्स वाढतो किंवा रीडिंग शून्याकडे जातं. माझ्या कोडला ते दिसतं 'हवा एकदम स्वच्छ'. म्हणजे बिघाड आणि सुरक्षितता यांचा चेहरा इथे सारखाच आहे. शिवाय सिलिकॉन सीलंटची वाफ बसून सेन्सर कायमचा मंद होऊ शकतो, आणि तेही कळत नाही. लायटरचा गॅस सोडून बघितला तर सेन्सर जिवंत आहे एवढंच समजतं. किती पीपीएमला वाजेल ते नाही.

प्रमाणित अलार्म वेगळा असतो तो इथे. आतला सेन्सर कधीकधी याच जातीचा असतो, पण तो मोजलेल्या गॅसमध्ये कॅलिब्रेट होतो, वेगवेगळ्या तापमानाला आणि दमटपणाला तपासला जातो, आणि स्वतःत बिघाड झाला तर तसं सांगतो. घरगुती अलार्मसाठीच्या युरोपच्या ईएन ५०१९४-१ मानकात तो पेटण्याच्या मर्यादेच्या ३ ते २० टक्क्यांच्या आत वाजलाच पाहिजे अशी अट आहे. त्याला आयुष्याची मुदतही असते, ती संपली की बदलायचा.

आता आमच्या ओट्याजवळ प्रमाणित अलार्म आहे, जमिनीपासून फूटभर उंचीवर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साठतो. (पाइपचा गॅस हलका असतो, त्याचा अलार्म छताजवळ लावतात.) माझा आर्डुइनो शिकण्यासाठी टेबलावर आहे.

आणि व्हिडिओत दाखवतात तसा रिलेने एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू करणारा प्रोजेक्ट स्वयंपाकघरात लावू नका. रिलेच्या आणि फॅनच्या ठिणगीनेच गॅस पेटू शकतो. वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरूनच १९०६ ला फोन लावायचा. आईच्या मोबाईलमध्ये तो नंबर आता माझ्या नंबरच्या खालीच सेव्ह आहे.