पहिल्या तीन ओळींत अनुवादक

व्हाइटफील्डमधल्या आयटीपीएलच्या आसपास इतक्या कंपन्या आहेत, की घरून अनुवाद करणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, काम दाराशीच आहे. पण त्या कंपनीतली व्यक्ती तुम्हाला भेटत नाही. ती लिंक्डइनवर शोधते आणि तुमचा परिचय वाचते, तोही बहुधा अर्धाच. तिथल्या ‘About’ या जागेत 2,600 अक्षरं मावतात खरी, पण सुरुवातीला दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. ते बोट लागेल की नाही, हे त्या ओळींवर ठरतं.

समजा, तिथं राहणाऱ्या एका मराठी अनुवादिकेनं लिहिलंय : ‘मला भाषांची मनापासून आवड आहे. मी मेहनती असून मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी या भाषांत दर्जेदार अनुवाद करते.’ यातून कामाचं काहीच कळत नाही. कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत? कशाचा अनुवाद? शिवाय चारही भाषांत ‘दर्जेदार’ म्हटलं की जाणकार सावध होतो, कारण व्यावसायिक अनुवादक सहसा मातृभाषेतच अनुवाद करतो.

आता हेच असं लिहून पाहा : ‘इंग्रजीतून मराठी अनुवाद : औषध-चाचण्यांची संमतीपत्रं, रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, वैद्यकीय उपकरणांच्या पुस्तिका. रोज साधारण दोन हजार शब्द, स्वतः तपासून.’ अर्थात हे तिचं खरं काम असेल तरच. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत लागतं, आणि पुष्कळदा मराठी मजकूर दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा इंग्रजीत करून मूळाशी ताडून पाहतात. ‘माझे अनुवाद या उलट अनुवादाच्या तपासणीतून गेले आहेत’ हे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा जड आहे. कन्नड? ‘कन्नड मजकूर वाचून समजतो’ एवढंच लिहावं.

हा परिचय इंग्रजीतच ठेवा, कारण काम देणाऱ्याला मराठी येतंच असं नाही. नावाखालच्या मथळ्यात ‘English to Marathi Translator’ हे शब्द हवेतच. शोधणारा तेच टाइप करतो. ‘शब्दांची जादूगार’ असं कुणी शोधत नाही!

पुढच्या परिच्छेदात अनुभव. इथं मोह होतो तो मोठ्या कंपन्यांची नावं घालण्याचा. पण गोपनीयतेचा करार केला असेल, तर परवानगीशिवाय नाव घालणं म्हणजे नव्या ग्राहकाला दाखवून देणं, की उद्या त्याचंही नाव असंच बाहेर येईल. ‘उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीची वापर-पुस्तिका’ असं लिहिलं तरी भागतं. ट्रॅडोस किंवा मेमोक्यू वापरत असाल, तर तेही एका ओळीत सांगा. पुष्कळ कंपन्या फाइल त्याच स्वरूपात पाठवतात.

दर इथं लिहू नका, तो मजकूर पाहूनच ठरतो. शेवटी ईमेल मात्र नक्की द्या. संपर्क-यादीत नसलेल्याला तिथून थेट निरोप पाठवणं बरेचदा जमत नाही.