गल्लीतल्या गिरणीचा निरोप

दसऱ्याला गल्लीत पिठाची गिरणी सुरू होणार असेल, तर शेजाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढा निरोप पुरतो:

‘नमस्कार. दसऱ्याला सकाळी 10 वाजता दत्तमंदिरासमोर आमची पिठाची गिरणी सुरू होतेय. गहू, ज्वारी, बाजरी दळून मिळेल. येत्या रविवारपर्यंत प्रत्येक घराच्या पहिल्या 5 किलो दळणावर किलोमागे 2 रुपये सूट. पेढे घ्यायला सगळे या.’

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य सवलतीचं. 5 किलोची मर्यादा घातली की एका घरामागे जास्तीत जास्त 10 रुपये जातात; 60 घरं आली तरी 600 रुपये. नव्या दुकानाला हे झेपतं. मर्यादा लिहिली नाही तर कुणी 40 किलोचं पोतं घेऊन येतं आणि पहिल्याच दिवशी शेजाऱ्याशी वाद होतो, जो माझ्या मते सवलतीपेक्षा फार महाग पडतो.

बरेच जण हा मजकूर रंगीत चित्रात घालतात. चित्र जरूर पाठवावं, पण वेळ आणि पत्ता अक्षरांत वेगळा लिहावा, म्हणजे नंतर शोधला की सापडतो.

आणखी एक अडचण आहे. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर जतन केलेला आहे, त्यांनाच पोहोचतो. निरोपावर बोट दाबून माहिती उघडली की तो कुणाकुणाला मिळाला ते दिसतं. दिवसभरानंतरही ज्यांची नावं तिथे नसतील, त्यांना वेगळा निरोप पाठवावा, आणि शेजारच्या आजींच्या दारी तर स्वतःच जाऊन सांगावं.