पुरी तेल पिते ती ताटात

पाडव्याला श्रीखंडासाठी पुऱ्या तळायला घेतल्या की पहिला घाणा बहुतेकदा फसतो. पुऱ्या चपट्या राहतात, बोटाने दाबलं की तेल सुटतं. त्या मुकाट्याने घरच्यांच्या वाट्याला जातात आणि पाहुण्यांना पुढच्या टम्म पुऱ्या मिळतात. पीठ तेच, लाटणारा हात तोच. फक्त पहिल्या वेळी तेल पुरेसं तापलेलं नसतं.

तापलेल्या तेलात पुरी सोडली की भोवती फसफसून बुडबुडे येतात. ती पिठातल्या पाण्याची वाफ. ती जोरात बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही. तेल कोमट असेल तर वाफ रेंगाळत निघते, कड घट्ट व्हायला वेळ लागतो आणि पुरी तेलात जास्त वेळ पडून राहते. पुरीला साधारण १८० अंश सेल्सिअस तापमान लागतं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. कणकेचा हरभऱ्याएवढा गोळा टाकावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, लगेच वर येऊन हळूहळू तांबूस झाला तर बरोबर, आणि टाकताक्षणी काळवंडला तर गॅस कमी करायचा. एका वेळी चार पुऱ्या कोंबल्या की तेल पुन्हा थंडावतं, म्हणून घरच्या कढईत एक, फार तर दोन.

पण खरी गंमत पुढे आहे. बरंचसं तेल तळताना आत जातच नाही. ते जातं पदार्थ बाहेर काढल्यावर. संशोधकांनी बटाट्याचे काप तळताना अगदी शेवटी रंगीत तेल घालून पाहिलं, तेव्हा तो रंगही कापांमध्ये उतरला होता. कारण साधं आहे. पदार्थ निवायला लागला की आतली वाफ आकसते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल ती आत ओढून घेते. म्हणजे झाऱ्यावरून पुरी ताटात टाकली आणि पुढची लाटायला वळलो, की नेमका तोच वेळ हातचा जातो.

म्हणून पुरी वर काढताना झारा कढईच्या काठाला टेकवून ती उभी धरावी, दोन-तीनदा हलकेच झटकावी आणि तेलाची धार थांबेपर्यंत थांबावं. हे सगळं कढईच्या वरच, गरम हवेत. मग ती चाळणीत उभी ठेवायची किंवा कोऱ्या टिपकागदावर दोन्ही बाजूंनी टिपायची. वर्तमानपत्र नको, शाई लागते. पुऱ्या एकावर एक रचल्या तर खालच्या पुऱ्या वरच्यांचं तेल पितात. शिवाय वाफेने मऊ पडतात ते वेगळंच.

पिठाचंही काम आहेच. पाव किलो कणकेला साधारण १२० मिलिलिटर पाणी पुरतं. पोळीच्या कणकेपेक्षा ही चांगलीच घट्ट हवी. सैल कणकेतून जास्त पाणी उडून जातं आणि जितक्या जागा रिकाम्या होतात तितकं तेल आत बसतं. लाटताना कोरडं पीठ लावू नये. ते तेलात गळून जळतं आणि तेल लवकर खराब करतं. पोळपाटाला तेलाचं बोट फिरवलं की भागतं. लाटलेल्या पुऱ्या फार वेळ उघड्या राहिल्या तर वरून वाळतात, चिरतात, आणि चीर गेलेल्या पुरीत वाफ टिकत नाही. ती फुगत नाही, चिरेतून तेल मात्र थेट पोटात शिरतं.

भज्यांचा घोटाळा बहुतेकदा सोड्याचा असतो. सोडा जास्त झाला की भजी जाळीदार होतात आणि प्रत्येक छिद्र तेलाने भरतं. कांदाभज्यांना तर सोड्याची गरजच नसते. दोन मोठे कांदे उभे चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवावेत. पाणी सुटलं की त्याच ओलाव्यात मावेल तेवढं बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घालावं. वरून पाणी घालायचा मोह आवरावा. कडकडीत तेलाचं मोहन एक चमचा पुरे. ते वाढवलं तर भजी तेलातच सुटायला लागतात. तरीही खेकडा भजी बटाटाभज्यांपेक्षा तेलकटच होणार, कारण तिचे पाय चहूकडे पसरलेले असतात आणि तेल चिकटायला जागा जास्त मिळते. त्यावर कुठलीच युक्ती चालत नाही.

तळणीचं जुनं तेलही घात करतं. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल दाट होतं, पदार्थाला जास्त चिकटतं आणि निथळत नाही. तळताना बुडबुडे वर येऊन फुटण्याऐवजी साबणासारखा फेस धरू लागले आणि रंग काळपट झाला, की ते तेल फोडणीलाही वापरू नये. हॉटेलांसाठी २०१८ पासून नियम आहे: खराब झालेल्या तेलात तयार होणारे ठरावीक घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचं. घरी मापायचं यंत्र नसतं. फेस दिसला की समजावं.