कोरी प्लेट काय सांगते?

इंजेक्शनच्या बाटल्या भरतात त्या खोलीत अगारच्या प्लेट उघड्या ठेवलेल्या असतात. हवेतले जिवाणू त्यांवर पडतात आणि प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवली की त्यांच्या डोळ्यांना दिसतील अशा वसाहती तयार होतात. प्लेट कोरी राहिली तर नोंदवहीत शून्य लिहितात. पण हवा स्वच्छ असली तरी शून्यच येतं, आणि त्या प्लेटवर काही वाढूच शकत नसलं तरीही शून्यच.

म्हणून प्रत्येक नव्या बॅचची आधी तपासणी होते. काही प्लेट काहीही न टाकता इनक्युबेटरमध्ये ठेवतात. त्यांवर काही उगवलं तर बॅच बाद. ही झाली निर्जंतुकतेची तपासणी. करपलेलं माध्यम मात्र ती सहज पार करतं, कारण त्यावर काहीच उगवत नाही! खरी कसोटी वाढीच्या चाचणीत लागते. ओळखीचे जिवाणू, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस ऑरियस, मुद्दाम प्लेटवर टाकायचे, पण शंभराहून जास्त नाहीत. हजारो टाकले तर निकस माध्यमावरही काही तगतात आणि दोष झाकला जातो. त्याच वेळी, आधी पास झालेल्या बॅचच्या प्लेटवरही तेवढेच जिवाणू टाकतात. जुन्या प्लेटवर ६० वसाहती आल्या, तर नव्या प्लेटवर किमान ३० यायला हव्यात. २२ आल्या तर बॅच नापास.

अशा वेळी बहुतेकदा ऑटोक्लेव्हकडे बघावं लागतं. माध्यम साधारणपणे १२१ अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं ठेवतात. फ्लास्क मोठा असला की मध्यभाग उशिरा तापतो, म्हणून वेळ वाढवली जाते. उरलेलं माध्यम पुन्हापुन्हा वितळवलंही जातं. जास्त उष्णतेत साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावतात. माध्यम गडद होतं, पीएच उतरतो, जिवाणूंना लागणारी द्रव्यं कमी होतात. सोयाबीन-केसिन अगारचा पीएच ७.३ च्या आसपास, फार तर ०.२ इकडेतिकडे असावा. रंग आणि पीएच या दोन गोष्टींतूनच पुष्कळदा चोरी पकडली जाते. वसाहती उगवल्या तरी टाचणीच्या टोकाएवढ्याच राहणं, हीही खूण आहे.

मुदत संपलेल्या प्लेटचा दोष वेगळा. तिच्यातलं पाणी उडून जातं, अगार कडेपासून सुटतो, मीठ दाट होतं. आधीच कोरड्या हवेने घायाळ झालेले जिवाणू अशा प्लेटवर वाढत नाहीत.

एवढं करूनही एक भोक राहतं. हवेसाठी उघडी ठेवलेली प्लेट चार तासांत मुदतीत असूनही वाळते, कारण तिथे गाळलेल्या हवेचा झोत सतत वाहत असतो. त्यामुळे चार तास उघड्या राहिलेल्या प्लेटवरही ते मोजके जिवाणू टाकून बघावे लागतात. तिथे पुरेशा वसाहती उगवल्या, तरच त्या खोलीतल्या शून्यावर सही करावी.